एफएसआय 2 मिळतो म्हणून दुप्पट बांधकाम बसेलच असं का नाही

प्रश्न: महापालिका हद्दीत माझा 300 स्क्वेअर मीटरचा प्लॉट आहे, 15 बाय 20, समोर 9 मीटर रस्ता. सगळे म्हणतात एफएसआय 2 मिळतो, अँसिलरी धरून 960 स्क्वेअर मीटरपर्यंत जातं. एक जण 120 मीटर टीडीआर आत्ताच घेऊन ठेवा म्हणतोय. आर्किटेक्ट मात्र पार्किंगवर 5 मजल्यांच्या वर जाऊ नका म्हणतो आणि चारी बाजूंना 3-3 मीटर सोडायला लावतोय. नक्की कुणाचं ऐकू?

उत्तर: आर्किटेक्टचं ऐका. टीडीआर आत्ता घेऊ नका. 960 हा आकडा खोटा नाहीये, पण तो कागदावरचा आहे, तुमच्या प्लॉटवर तो बसत नाही. का ते आकडे मांडूनच सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी काही सांगितलं तर तुमचं तुम्हालाच तपासता येईल.

आधी हे 960 आले कुठून ते बघू. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा, आणि टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत मिळणारा बांधकामाचा हक्क. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून युडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे (मुंबईला डीसीपीआर 2034 वेगळं, तिथला हिशोब यात आणू नका). या नियमात महापालिकेच्या विरळ वस्तीच्या भागात, म्हणजे जुनं गावठाण सोडून, बेसिक एफएसआय 1.10 आहे. समोरचा रस्ता 9 मीटर किंवा जास्त पण 12 च्या आत असेल तर त्यावर 0.50 प्रीमियम भरून मिळतो आणि 0.40 टीडीआर लोड करता येतो, झाला 2. तुमच्या प्लॉटला 330 अधिक 150 अधिक 120, म्हणजे 600 मीटर. यावर रहिवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत अँसिलरी म्हणजे जोडीचा एफएसआय, तोही पैसे भरून, म्हणजे 360. एकूण 960.

हे अँसिलरी प्रकरण लोकांना बोनस वाटतं पण ते तसं नाही. आधीच्या नियमांत जिना, लिफ्ट, बाल्कनी वगैरे वेगवेगळ्या अटींवर एफएसआयमधून वगळायचे आणि त्यात भयंकर खेळ चालायचे, बाल्कनी बंद करून खोलीत घे, टेरेसवर छप्पर टाक, असं सगळं. आता पी-लाइन आली, इमारतीच्या बाहेरच्या कडेने रेघ मारायची आणि आतलं जवळपास सगळं मोजायचं. जिना मोजला, लिफ्ट मोजली, बाल्कनी मोजली, भिंती मोजल्या. स्टिल्ट पार्किंगसारख्या मोजक्या गोष्टीच बाहेर राहतात. म्हणून तो 60 टक्के वाढवा दिलाय, जे आधी वगळलं जायचं त्याची भरपाई म्हणून. त्यामुळे 960 म्हणजे 960 चे फ्लॅट नाहीत, हे पहिलं डोक्यातून काढा.

आता मुद्द्याचं. एफएसआय फक्त एवढंच सांगतो की जास्तीत जास्त किती बांधता येईल. ते कुठे बसवायचं, किती उंच न्यायचं, शेजाऱ्यापासून किती लांब ठेवायचं हे तो सांगत नाही, त्याचे नियम वेगळे आहेत. आणि या दोन्हींपैकी जे आधी संपतं तिथे तुमची इमारत थांबते. मोठ्या प्लॉटवर एफएसआय आधी संपतो. लहान प्लॉटवर, विशेषतः 15 मीटर रुंदीच्या, बहुतेक वेळा मार्जिनमुळे, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेमुळे, जागाच आधी संपते.

कसं ते बघा. 15 मीटर रुंदीत दोन्ही बाजूंना 3-3 सोडले की उरले 9. 20 मीटर खोलीत पुढे 3 मागे 3, उरले 14. एका मजल्याला 126 मीटर. खाली पार्किंग, वर 5 मजले, मजल्याची उंची स्लॅब टू स्लॅब 3 मीटर धरली तर पार्किंगच्या वर 15 मीटर होतात आणि एरिया होतो 630. इथपर्यंत सरळ आहे.

मग तुम्ही म्हणाल 960 पर्यंत जायचंय तर अजून दोन-तीन मजले चढवू की. इथेच गंमत आहे. उंच इमारतीला साइड आणि मागचं मार्जिन उंचीवर ठरतं, आमच्यात त्याला एच बाय फाइव्ह म्हणतात, म्हणजे उंचीचा पाचवा भाग. 15 मीटर उंचीला 3 मीटर येतात, म्हणून आर्किटेक्टने तीन धरलेत, ते त्याने मनाने नाही लावलेले. (समोरचं मार्जिन रस्त्यावर ठरतं, ते इथे 3 च ठेवतोय. आणि उंची मी पार्किंग वगळून धरतोय, तुमच्या आर्किटेक्टनेही तशीच धरलेली दिसतेय.)

6 मजले केले तर उंची 18, मार्जिन 3.6. रुंदी उरली 7.8, खोली 13.4, एका मजल्याला साधारण 104.5 मीटर, गुणिले 6 म्हणजे 627. एक मजला वाढवला आणि एकूण एरिया तीन मीटरने कमी झाला! 7 मजले करा, उंची 21, मार्जिन 4.2, एका मजल्याला 84.5, एकूण 591. 8 मजले, उंची 24, मार्जिन 4.8, रुंदी उरते फक्त 5.4 मीटर, मजल्याला 66 आणि एकूण 527. म्हणजे जेवढं वर जाल तेवढं कमी मिळतंय, खर्च मात्र प्रत्येक मजल्याला वाढतोय. आणि 5.4 मीटर रुंदीत जिना लिफ्ट लॉबी टाकली की राहायला काय उरणार, बोगद्यासारखा फ्लॅट होईल. तुमच्या प्लॉटचा सगळ्यात जास्त एरिया 5 मजल्यांवरच मिळतोय, हे आर्किटेक्टला माहितीये, फक्त त्याने तुम्हाला आकडे मांडून दाखवले नसतील.

यावर कोणीतरी तुम्हाला स्टेप मार्जिन सुचवेल, आणि ते चूक नाहीये. सगळी इमारत खालपासून मागे घ्यायची गरज नाही, वरचे मजले तेवढे आत घ्यायचे, नियमात त्याची सोय आहे. मग खालचे 5 मजले 126 चेच राहतात आणि सहावा 104.5 चा होतो, एकूण 734 च्या आसपास. सातवाही केला, 84.5 चा, तर 819. कागदावर छान दिसतं. पण सहाव्या मजल्याला तीन बाजूंनी भिंत 60 सेंटीमीटर आत येते आणि कॉलम बाहेरच्या रेषेत राहतात, आतली भिंत मग बीमवर पेलावी लागते आणि बाहेर अर्धा मीटरचा पट्टा उरतो, जो थोड्याच दिवसांत कोणीतरी पत्रा टाकून घरात घेणारच. हे टाळायचं असेल तर कॉलम पहिल्यापासूनच 3.6 च्या रेषेवर ठेवायचे आणि खालच्या मजल्यांचा स्लॅब 60 सेंटीमीटर कॅन्टिलिव्हरने बाहेर काढायचा. पण हे पायाच्या आधी ठरवावं लागतं, पाच स्लॅब पडल्यावर सहावा मजला सुचून उपयोग नाही. सहाव्यापर्यंत मी याला होकार देईन. सातव्या मजल्याला 84.5 मधले 24-25 मीटर जिना-लिफ्ट-लॉबीत जातात, म्हणजे जवळपास 30 टक्के, आणि भिंती वेगळ्या. तो मजला फक्त तुमच्या स्वतःच्या घरासाठी असेल तर ठीक, विकायला म्हणून बांधत असाल तर मला तरी परवडणारा वाटत नाही.

आता टीडीआर. हा भाग नीट वाचा कारण पैसे इथेच जातात. 630 मीटर बांधायला एफएसआय किती लागतो? अँसिलरी 60 टक्के धरलं तर 630 भागिले 1.6, म्हणजे 394. त्यातले 330 बेसिक आहेत, ते तुमचेच. म्हणजे वरचे फक्त 64 मीटर विकत घ्यायचेत, आणि बाकी 236 अँसिलरीचे पैसे भरायचे. 64 मीटर तर प्रीमियममध्येच भागतात, तुम्हाला 150 पर्यंत परवानगी आहे. टीडीआरचा एक मीटरही लागत नाही. स्टेप मार्जिन घेऊन 6 मजले केले तरी 734 भागिले 1.6 म्हणजे 459, वजा 330, झाले 129, हेही 150 च्या आतच. टीडीआर लागायला लागतो तो सातव्या मजल्यावर, तोसुद्धा 32 मीटर. आणि तुम्हाला 120 मीटर घेऊन ठेवायला सांगितलंय! सांगणाऱ्याचा हेतू मी काढत नाही, पण त्याला विचारा की हे 120 मीटर प्लॉटवर कुठे बसवणार ते नकाशात दाखव. रेखाटून दाखवता आलं तर बोलू.

प्रीमियमचा दर रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या 35 टक्के आहे. समजा तुमच्या भागात जमिनीचा रेडी रेकनर 20,000 रुपये मीटर आहे, तर प्रीमियमचा मीटर 7,000 ला पडला. 64 मीटरला साडेचार लाखांच्या आत काम होतं, पूर्ण 150 घेतले तर साडेदहा लाख. वापरणार नसाल तर वरचे सहा लाख कशाला अडकवायचे. अँसिलरीचे पैसे वेगळे, त्याचा दर आर्किटेक्टकडून तुमच्या शहराचा चालू दर म्हणून लेखी घ्या. आणि अँसिलरीही बांधणार तेवढ्याचीच घ्यायची, ती प्रस्तावातल्या एफएसआयच्या 60 टक्क्यांपर्यंत मिळते, 60 घेतलीच पाहिजे असं नाही.

हातात काय पडतं तेही सांगतो म्हणजे अपेक्षा जाग्यावर राहील. 126 च्या मजल्यातून जिना लिफ्ट लॉबीचे 24 गेले, 102 उरले, त्यातून भिंतींचे दहा टक्के वगैरे काढले की कार्पेट 90-92. म्हणजे मजल्यावर 45 मीटरचे दोन फ्लॅट, जुन्या भाषेत 485 फुटांचे, किंवा एक मोठा. पाच मजल्यांत दहा फ्लॅट. खाली पार्किंगचं काय? एका गाडीला 2.5 बाय 5 मीटर लागतात, आणि स्टिल्टमधून जिना-लिफ्ट आणि कॉलम वजा केले की पाच-सहा गाड्या अक्षरशः ओढूनताणून बसतात, गाडी वळवायला जागा लागते हे लोक विसरतात. लहान प्लॉटवर कित्येकदा एफएसआय आणि मार्जिन दोन्ही जमतं आणि फ्लॅटची संख्या पार्किंगवर अडते. म्हणून पहिला नकाशा पार्किंगचा मागा, टिपिकल फ्लोअरचा नंतर.

आता सगळ्यात कच्चा दुवा, तुमचा 9 मीटर रस्ता. तुम्ही लिहिलंय 9 मीटर, पण कशावरून? डांबर मोजून, विकणाऱ्याने सांगितलं म्हणून, की कागदावर? कारण 9 च्या आत रस्ता निघाला तर वरचा सगळा हिशोब गेला, प्रीमियम शून्य, टीडीआर शून्य, फक्त 1.10. म्हणजे 330 आणि त्यावर अँसिलरी 198, सगळे मिळून 528, झाले चार मजले आणि थोडं. 8.8 मीटरला 9 समजून कोणी सोडून देत नाही. पुण्यात 2020 मध्ये 6 मीटरचे रस्ते 9 मीटर करायचा विषय आला तो याचसाठी, त्या रस्त्यांवरच्या जुन्या सोसायट्यांना वरचा एफएसआय मिळत नव्हता.

रस्त्याची रुंदी म्हणजे डांबराची रुंदी नव्हे. मंजूर विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, किंवा मंजूर लेआउटमध्ये जी हद्द ते हद्द रुंदी आहे ती. फूटपाथ, गटार, कडेची माती सगळं त्यात येतं, त्यामुळे जागेवर 6 मीटर डांबर दिसत असलं तरी कागदावर 9 असू शकतो, आणि उलटंही होतं, समोरच्याने कंपाउंड आत घेतलेलं असतं म्हणून जागेवर ऐसपैस दिसतो, लेआउटमध्ये मात्र साडेसातच असतो. महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, त्यावर रस्ता किती लिहिलाय ते बघा. हे काम शंभरेक रुपयांचं असो की हजाराचं, टीडीआरच्या गोष्टी करायच्या आधी हे झालं पाहिजे.

त्याच भाग नकाशात रस्ता रुंदीकरणाची रेघ तुमच्या प्लॉटमधून जात नाही ना तेही बघा. समजा रस्ता डीपीत 12 मीटरचा केलाय आणि दीड मीटर तुमच्याकडून जातोय. तर 15 गुणिले 1.5, म्हणजे 22.5 मीटर जागा गेली, तिचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो, आणि 12 मीटरच्या रस्त्याला टीडीआरची मर्यादाही 0.40 वरून 0.65 होते. लोक खूश होतात. पण तुमचा प्लॉट आता 20 नाही, 18.5 खोल राहिला, पुढचं मार्जिन नव्या रेघेपासून मोजणार, मग 126 च्या जागी मजला 9 गुणिले 12.5 म्हणजे 112.5 चा झाला. एफएसआय वाढला आणि इमारत लहान झाली. पाच मजल्यांना 562. पुन्हा तेच, एफएसआयची कमी कधी नव्हतीच.

क्षेत्राचंही तसंच. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर 300 आहे पण मोजणीत जागेवर 288 भरलं तर 288 धरणार, दोन्हींतलं कमी ते. मोजणी करून तिचा सरकारी नकाशा, म्हणजे क प्रत, हातात घ्या, आणि नुसतं क्षेत्र नाही तर रुंदीही बघा, कारण तुमच्या बाबतीत क्षेत्रापेक्षा रुंदी महाग आहे. 15 ऐवजी 14.6 निघाली तर मजल्याला 9 ऐवजी 8.6 रुंदी, पाच मजल्यांत 28 मीटर गेले. समोरासमोरच्या बाजू समांतर नसतील तर जिथे अरुंद आहे तिथलं माप आर्किटेक्टला द्या.

उंचीबद्दल दोन गोष्टी राहिल्या. पहिली फायरची. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मध्ये 15 मीटर किंवा जास्त उंचीची इमारत हायराइज धरतात, आणि ती उंची जमिनीच्या सरासरी पातळीपासून, पार्किंगचा मजला वजा न करता. म्हणजे मार्जिनच्या हिशोबात जी इमारत 15 मीटरची आहे ती फायरवाल्यांसाठी 18 ची असू शकते. एकाच नकाशात दोन उंच्या आल्या की लोक गोंधळतात आणि कोणीतरी फसवतंय असं वाटतं, तसं नसतं, मोजायचा उद्देश वेगळा म्हणून पद्धत वेगळी. तुमच्या 5 मजल्यांच्या इमारतीला फायर एनओसी लागणार का आणि लागली तर टाकी, पंप, जिन्याची रुंदी काय सांगतील हे नकाशा फायनल व्हायच्या आधी विचारून घ्या, कारण जिना रुंद झाला की तो 24 चा आकडा वाढतो आणि फ्लॅट आक्रसतो.

दुसरी विमानतळाची. धावपट्टी जवळ असेल तर 2015 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे उंचीवर मर्यादा असते. विमानतळांचे रंगीत झोनचे नकाशे आहेत, त्यात तुमची जागा कुठल्या रंगात पडते ते आर्किटेक्ट पाच मिनिटांत सांगेल. पुण्यात लोहगावसारखा हवाई दलाचा तळ असेल तर परवानगी त्यांच्याकडून. इथली मेख अशी की ही उंची जमिनीपासून नसते, समुद्रसपाटीपासून असते. समजा तुमच्या भागाला 585 मीटर मर्यादा लिहिलीये आणि तुमची जमीन 561 वर आहे, तर तुम्हाला 24 मीटर मिळाले, 585 नाही! आणि या 24 मध्ये गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना सगळं येतं, जे महापालिकेच्या उंचीत सहसा मोजत नाहीत. पार्किंगचे 3, पाच मजल्यांचे 15, वर टाकी आणि लिफ्टरूमचे 4-5, म्हणजे 23. बसलं, पण सहावा मजला इथे गेला. विमानतळ किंवा असा तळ जवळ नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

तर आत्ता क्रम असा ठेवा की आधी भाग नकाशा आणि क प्रत, मग आर्किटेक्टला 5 मजले आणि स्टेपसह 6 मजले असे दोनच पर्याय पार्किंगच्या नकाशासकट मांडायला सांगा, प्रत्येकात एफएसआय किती लागतो आणि किती पैसे भरायचे ते शेवटी लिहायला लावा. टीडीआरवाल्याला तोपर्यंत थांबायला सांगा. आणि रस्ता 9 च्या आत निघाला तर इथेच परत लिहा, मग 1.10 मध्ये चार मजल्यांचं गणित वेगळं मांडावं लागेल, तिथे मार्जिनपेक्षा एफएसआय आधी संपतो.